पत उत्तराची की माणसाची?

वाद ज्याच्यावरून पेटला आहे, तो अकाउंटंट स्वतः या वादात एक अक्षरही बोललेला नाही. ते त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. अनोळखी माणसांच्या हिशेबाच्या शंकांना तो चारचौघांना दिसेल अशी, लेखी आणि फुकट उत्तरे देतो. शंकाही साध्याच असतात. तेरीज जुळत नाही, बँकेची शिल्लक वेगळी दिसते, नफा दिसतो पण हातात पैसा नाही, घेतलेले कर्ज कुठे लिहायचे कळत नाही. बराच काळ त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. आता मात्र त्याचे नाव निघाले की चर्चा थांबते. "त्यांनी असं सांगितलंय" एवढ्यावर लोक गप्प होतात. नेमके याच टप्प्यावर काही व्यावसायिक हिशेबनिसांचे पित्त खवळले आहे.

त्यांचे म्हणणे असे की पुस्तके न पाहता, सही न करता, फी न घेता सल्ला देणाऱ्याला पत मिळता कामा नये, कारण चूक झाली तर तो कुठेच सापडणार नाही. त्याच्या चाहत्यांचे म्हणणे असे की पदवी आणि पाटी ही जुन्या काळाची साधने झाली, शेकडो लोकांनी आभार मानले हीच खरी पदवी. दोन्ही बाजू तावातावाने भांडताहेत, आणि दोघांचेही लक्ष माणसावर आहे. त्याने नेमके काय लिहिले हे कुणी वाचताना दिसत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. या माणसाने कमावलेली पत खरी आहे, कारण त्याची उत्तरे वाचणाऱ्याला स्वतः तपासून पाहता येतात. पण लोक तपासणे सोडून नावावर विसंबू लागले की तीच पत पोकळ व्हायला लागते. म्हणून त्याला गप्प बसवणे चुकीचे आहे आणि त्याला देव्हाऱ्यात बसवणे त्याहून चुकीचे.

हे नुसते म्हणून भागणार नाही. त्याच्या कामाचा एक नमुना उलगडून पाहू.

एका छोट्या व्यावसायिकाने विचारले: महिनाअखेरीस माझ्या पुस्तकात बँकेची शिल्लक 83,450 आहे, बँकेच्या स्टेटमेंटवर 86,150 आहे. फरक 2,700. काय करू? लगेच दोन उत्तरे आली. एकाने सांगितले, फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे न उलगडलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात टाका आणि पुढे चला. दुसरा जाणकार होता. त्याने सांगितले, 2,700 ला नऊने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ती शोधा. हा ठोकताळा हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी शिकवला जातो आणि तो खोटा नाही. शेजारच्या दोन अंकांची जागा बदलली की पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. 74 चे 47 झाले तर फरक 27. प्रश्नकर्त्याने पुस्तक चाळले आणि त्याला 7,400 चा एक चेक सापडला. हा 4,700 असणार! दुरुस्ती केली, खर्च 2,700 ने घटला, पुस्तकातली शिल्लक 86,150 झाली. बँकेशी पैसा न पैसा जुळली. त्याने आनंदाने आभार मानले. दुसऱ्या जाणकाराच्या खात्यावर आणखी एक शाबासकी जमा झाली.

आपला अबोल अकाउंटंट त्यानंतर आला. त्याने लिहिले: "ती दुरुस्ती आधी मागे घ्या. एकही आकडा बदलू नका. मागच्या महिन्याच्या अखेरीस दोन्ही शिल्लका जुळवल्या होत्या का? असतील तर आता स्टेटमेंटवरची प्रत्येक रक्कम पुस्तकात शोधा आणि सापडली की दोन्हीकडे खूण करा. ज्या रकमांवर खूण झाली नाही, तेवढ्याच इथे लिहा. आणि तो 7,400 चा चेक स्टेटमेंटवर आहे का, ते सांगा." म्हणजे त्याने उत्तर दिलेच नाही, उलट माणसाला तासाभराच्या कामाला लावले. यावर प्रश्नकर्ता थोडा वैतागलाही. जुळलेला हिशेब पुन्हा मोडायचा कशाला?

पण त्याने खुणा केल्या. मागच्या महिन्याचे जुळले होते, त्यामुळे शोध एका महिन्यापुरताच होता. खुणा नसलेल्या रकमा निघाल्या त्या अशा. 7,400 चा चेक दिलेला होता, पण घेणाऱ्याने तो अजून बँकेत भरलाच नव्हता. 5,150 ची एक जमा शेवटच्या दिवशी पुस्तकात लिहिली गेली होती, बँकेने ती दुसऱ्या दिवशी धरली होती. बँकेने 450 आकार कापला होता, तो पुस्तकात नव्हता. आणि 4,500 ची एक रक्कम बँकेतून गेली होती, ती पुस्तकात 5,400 अशी लिहिली होती. आता मांडून पाहा. बँकेच्या 86,150 मधून न वटलेला 7,400 चा चेक वजा करा, वाटेतली 5,150 ची जमा मिळवा: 83,900. पुस्तकाच्या 83,450 मध्ये जादा लिहिलेले 900 परत मिळवा, 450 आकार वजा करा: 83,900. खरी शिल्लक ही आहे. ती ना पुस्तकात होती ना स्टेटमेंटवर.

या प्रकरणात थोडे थांबण्यासारखे आहे. अंकांची अदलाबदल खरोखरच झाली होती, पण ती 900 ची होती आणि दुसऱ्याच नोंदीत होती. 2,700 ला नऊने भाग गेला, तो चार वेगवेगळ्या कारणांच्या बेरीज-वजाबाकीतून योगायोगाने. यात नवल काहीच नाही, कारण सलग कुठल्याही नऊ संख्या घेतल्या तरी त्यांतल्या एकीला नऊने भाग जातोच. ठोकताळा कुठे पाहावे ते सुचवतो, काय सापडले ते सांगत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन्ही शिल्लका तंतोतंत जुळल्या, हेच चूक झाल्याचे लक्षण होते. चेक अजून वटलेला नाही आणि जमा वाटेत आहे, तर पुस्तक आणि स्टेटमेंट जुळतीलच कसे? त्यांच्यात फरक असायलाच हवा, आणि तो फरक नेमका त्या दोन रकमांनी समजावता यायला हवा. प्रश्नकर्त्याने एक बरोबर नोंद चुकवून सगळा फरक झाकला होता. पुढच्या महिन्यात तो चेक 7,400 लाच वटला असता, वाटेतली जमा पोचली असती, आणि पुस्तक बँकेपेक्षा 2,250 ने जास्त दिसले असते. गंमत म्हणजे 2,250 लाही नऊने भाग जातो. पुन्हा कुणीतरी तोच ठोकताळा सांगितला असता, पुन्हा एखाद्या निरपराध नोंदीचा बळी गेला असता.

आता सांगा, या दोन उत्तरांत पत कुणाला मिळायला हवी होती? आणि त्या दिवशी मिळाली कुणाला?

पत हळूहळू का तयार होते, याचे उत्तर इथे आहे. हिशेबातल्या चुकीच्या सल्ल्याचे पाप आणि बरोबर सल्ल्याचे पुण्य दोन्ही उशिरा कळतात. आभार लगेच मानले जातात. परीक्षा महिनाअखेरीस, वर्षअखेरीस, कधी हिशेबतपासनीस दारात आल्यावर होते. पहिल्या काळात या माणसाच्या वाट्याला आभार कमीच आले, कारण तो उत्तराऐवजी प्रतिप्रश्न विचारायचा. मग कधीतरी कुणी परत येऊन लिहायचे की तुम्ही म्हणालात तसा चेक पुढच्या महिन्यात वटला. कुणी जुने उत्तर वाचून स्वतःच्या पुस्तकाला ती रीत लावायचे आणि आपल्यासारख्याच अडलेल्या दुसऱ्याला तिकडे पाठवायचे. त्याच्याबद्दलचा विश्वास अशा परत आलेल्या माणसांनी घडवला. त्यात झगमगाट काहीच नव्हता, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांतही आला नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ: जबाबदारी. फी घेऊन सही करणाऱ्यावर दावा लावता येतो, त्याची सनद जाऊ शकते. फुकट उत्तर देणारा खांदे उडवून निघून जाईल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. इंग्लंडच्या न्यायालयांना याच प्रश्नाने बरीच वर्षे घोळवले. 1951 च्या एका खटल्यात एका गुंतवणूकदाराने कंपनीच्या हिशेबनिसांनी तयार केलेला निष्काळजी ताळेबंद पाहून पैसे गुंतवले आणि ते बुडाले. त्याचा हिशेबनिसांशी करार नव्हता, म्हणून न्यायालयाने बहुमताने त्याला भरपाई नाकारली. न्यायमूर्ती डेनिंग यांनी वेगळे मत नोंदवले: हे हिशेब कुणाला दाखवले जाणार आहेत ते माहीत असताना काळजी घेण्याचे कर्तव्य येतेच. 1963 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हेडली बर्न प्रकरणात तेच तत्त्व उचलून धरले. तिथे एका बँकेने एका कंपनीच्या पतीबद्दल विचारणाऱ्याला फुकट माहिती दिली होती आणि तिच्यावर विसंबून त्याचे नुकसान झाले होते. न्यायालय म्हणाले, पैसे घेतले नाहीत म्हणून सल्लागार आपोआप सुटत नाही. समोरचा आपल्यावर विसंबणार हे ठाऊक असताना जबाबदारी स्वीकारल्यासारखे वागलात तर ती तुमच्यावर येते. मात्र त्या बँकेने पत्राच्या माथ्यावरच "जबाबदारी आमची नाही" असे लिहिले होते, म्हणून ती सुटली.

या निकालातून दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे आहे. फुकट म्हणजे बेजबाबदार, हे समीकरण कायद्यानेही मान्य केलेले नाही. पण एक ओळ लिहून जबाबदारी झटकता येते, हेही त्याच निकालाने दाखवले. मग वाचणाऱ्याच्या हाती राहते काय? भरपाईच्या भाषेत बोलायचे तर फारसे काही नाही, हे मला मान्य आहे. पण भरपाई ही नुकसान झाल्यानंतरची गोष्ट. नुकसान होण्याआधी कामाला येईल अशीही एक जबाबदारी असते: आपण काय गृहीत धरले, कुठपर्यंत पाहिले, उत्तर कुठे लागू पडणार नाही, हे सांगून ठेवणे. वरच्या उदाहरणात "मागच्या महिन्याचे जुळले होते का?" हा प्रश्न या जातीचा आहे. जुळले नसेल तर पुढचे सगळे उत्तर निकामी, हे तो माणूस आधीच सांगून टाकतो. सही केलेल्या किती अहवालांत वाचणाऱ्याला हे इतके साफ दिसते?

आणि सहीचा विषय निघालाच आहे, तर ती कशाची हमी देते हेही पाहू. आर्थर अँडरसन ही 1913 मध्ये सुरू झालेली संस्था जगातल्या पाच सर्वांत मोठ्या हिशेबतपासनीस संस्थांपैकी एक होती. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे हिशेब तीच तपासत असे. 2001 च्या अखेरीस एन्रॉन कोसळली, आणि कागदपत्रे नष्ट केल्याच्या खटल्यात 2002 मध्ये अँडरसन दोषी ठरली. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने रद्द केला, पण तोवर संस्था जवळपास संपली होती. विरोधक म्हणतील, पाहा, शिक्षा झालीच ना! झाली. पण ती झाली तेव्हा एन्रॉनच्या भागधारकांचे पैसे आधीच गेले होते, आणि निकाल रद्द झाला तेव्हा अँडरसनमध्ये इमानाने काम केलेल्या हजारोंच्या नोकऱ्या आधीच गेल्या होत्या. नावात साठवलेली पत अशीच वागते. आत काय चालले आहे ते लोकांना दिसत नाही, म्हणून ती बराच काळ जशीच्या तशी टिकते, आणि जाते तेव्हा दोषी-निर्दोष न पाहता एकदम जाते. हा सनदशीर व्यवसायावरचा आरोप नव्हे. सनद लागते, आणि ती का लागते त्यावर पुढे येतो. सही हाच विश्वासाचा एकमेव पाया, या दाव्यावर मात्र माझा आक्षेप आहे.

दुसरी तक्रार पोटापाण्याची आहे, आणि ती कुजबुजत केली जाते. फुकट मिळू लागले तर पैसे कोण देईल? छोट्या गावठी कामांवर जगणाऱ्या हिशेबनिसाला ही भीती खोटी वाटत नाही, आणि तिची टिंगल करणे सोपे असले तरी योग्य नाही. पण इतिहास वेगळे सांगतो. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याची रीत पेढ्यांमधून आणि उमेदवारी करणाऱ्यांच्या हातांतून पुढे जात होती. 1494 मध्ये लुका पॅचिओली या धर्मसंन्यासी गणितज्ञाने ती आपल्या गणिताच्या ग्रंथातील एका भागात सविस्तर छापली. ज्याला वाचता येत होते त्याला ती रीत खुली झाली. म्हणून हिशेबनीस बेकार झाले का? उलट ती रीत इतकी पसरली की तिच्याशिवाय व्यापार चालवणे अवघड झाले, आणि ती नीट चालवणाऱ्यांची गरज वाढली. रीत कळणे वेगळे, आणि चारशे नोंदींच्या पुस्तकात ती दर महिन्याला न कंटाळता लावणे वेगळे. खुणा कशा करायच्या हे सांगितल्याने खुणा करण्याचे कष्ट संपत नाहीत.

पॅचिओलीच्या गोष्टीला एक उपकथा आहे, ती या वादात मला अधिक महत्त्वाची वाटते. बेनेदेत्तो कोत्रुली नावाच्या व्यापाऱ्याने 1458 मध्येच, म्हणजे पॅचिओलीच्या 36 वर्षे आधी, व्यापारावरच्या आपल्या ग्रंथात दुहेरी नोंदीबद्दल लिहिले होते. ते हस्तलिखित छापले गेले 1573 मध्ये. पॅचिओलीने रीत शोधल्याचा दावा केला नव्हता, आपण व्हेनिसची पद्धत मांडतो आहोत असे त्यानेच म्हटले. तरी हिशेबशास्त्राचा जनक म्हणून जगाने नाव घेतले ते त्याचे. अन्याय झाला का? कोत्रुलीपुरता झालाही असेल. पण ज्ञान असणे आणि अडलेल्या माणसाला वापरता येईल अशा रूपात ते उघड ठेवणे, या दोन गोष्टींत लोक दुसरीला पत देतात, आणि त्यात मला गैर दिसत नाही. आज कपाळाला आठ्या घालणाऱ्या व्यावसायिकांपैकी अनेकांना या अकाउंटंटपेक्षा जास्त येत असेल. ते त्यांच्या कपाटात आहे.

इथवर चाहते खूश झाले असतील. आता त्यांच्याकडे वळतो.

शेकडो लोकांनी आभार मानले म्हणजे उत्तरे बरोबर, हा युक्तिवाद वरच्या उदाहरणातच कोसळतो. नऊचा ठोकताळा सांगणाऱ्यालाही आभार मिळालेच होते, आणि आधी मिळाले होते. ज्याला उत्तर माहीत नाही तो विचारतो. मग उत्तर बरोबर आहे की नाही हे त्याच माणसाच्या समाधानावरून कसे ठरवणार? त्याला कळते ते इतकेच की उत्तर लवकर आले, ठाम होते आणि मनासारखे होते. गर्दीच्या शाबासकीला या तीनही गोष्टी आवडतात आणि तीनही गोष्टींचा खरेपणाशी संबंध नाही. 1691 मध्ये लंडनमध्ये जॉन डंटन नावाच्या प्रकाशकाने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे एक नियतकालिक काढले. विवाहापासून गणितापर्यंत वाटेल ते विचारा, विद्वानांचे एक मंडळ उत्तर देईल, अशी त्याची प्रसिद्धी होती. मंडळाचा दबदबा इतका वाढला की पुढे लेखक म्हणून गाजलेल्या तरुण जोनाथन स्विफ्टने 1692 मध्ये त्याच्यावर स्तुतिपर कविता लिहून पाठवली. प्रत्यक्षात ते मंडळ म्हणजे डंटन आणि त्याचे दोन-तीन सोबती. उत्तरे सगळीच वाईट होती असे नाही. सोबत्यांत एक गणित शिकवणारा होता आणि एक धर्मशास्त्र शिकलेला. पण वाचक उत्तरांवर विश्वास ठेवत नव्हते, मंडळावर ठेवत होते, आणि मंडळ तर अस्तित्वातच नव्हते.

आपल्या अकाउंटंटचे तसे सोंग नाही, मान्य. पण "त्यांनी असं सांगितलंय" म्हणून चर्चा थांबवणारे लोक त्याच्याभोवती तसलेच मंडळ उभे करताहेत. त्याचा परिणाम दिसूही लागला आहे. पूर्वी लोक त्याला विचारत, फरक कसा शोधू? आता विचारतात, हा धंदा विकत घेऊ का? भागीदार काढून टाकू का? घेतलेले कर्ज विक्रीत दाखवले तर चालेल का? पहिल्या प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर तपासता येते. खुणा केल्या की शिल्लक जुळते किंवा जुळत नाही, मध्ये कुणाचे नाव येत नाही. धंद्याच्या प्रश्नाचे उत्तर तसे तपासता येत नाही, कारण ते समोर न आलेल्या कागदांवर आणि भविष्यावर अवलंबून आहे. आणि कर्जाच्या प्रश्नात तर विचारणाऱ्याला उत्तर नकोच आहे, त्याला एका मोठ्या नावाची आड हवी आहे. कर्ज परत द्यायचे असते, म्हणून ते देणे आहे. विक्रीत लिहिले तर नफा फुगतो आणि देणे ताळेबंदावरून गायब होते. हे त्या विचारणाऱ्यालाही पुरते ठाऊक असते.

इथे सनदेची गरज येते. जिथे सगळे कागद पाहावे लागतात, जिथे त्या त्या ठिकाणच्या नियमांवर उत्तर ठरते, जिथे तिसऱ्या माणसाने विसंबायचे आहे, तिथे पुस्तके उघडून बसणारा आणि सही करणारा माणूसच हवा. त्याची फी ही त्या बसण्याची आणि त्या सहीच्या जोखमीची किंमत आहे. दुरून दिलेले, कितीही शहाण्या माणसाचे उत्तर त्याची जागा घेऊ शकत नाही. हा अकाउंटंट हे जाणतो असे त्याच्या लिहिण्यावरून दिसते. अशा प्रश्नांना तो एका ओळीत नकार देतो, आणि कोणती कागदपत्रे घेऊन कुणाकडे जावे ते दुसऱ्या ओळीत सांगतो. चाहत्यांना या दोन ओळी रुक्ष वाटतात. मला त्या त्याच्या लांबलचक उत्तरांइतक्याच मोलाच्या वाटतात, कारण पत हाती आल्यावर ती कुठे चालत नाही हे स्वतःहून सांगणारे फार थोडे असतात.

एक शेवटचा आक्षेप राहिला, आणि तो दोन्ही बाजूंपैकी कुणी नीट मांडलेला नाही. त्याचीही उत्तरे चुकतात, चुकलेली आहेत. मग? हिशेबाच्या पुस्तकात चुकलेली नोंद खोडायची नसते, खरवडायची नसते, पानही फाडायचे नसते. त्या नोंदीची उलट नोंद करायची, मग बरोबर नोंद करायची, आणि खाली कारण लिहायचे. पान थोडे गचाळ दिसते, पण काय झाले, केव्हा झाले आणि कुणाच्या लक्षात आले हे पुढच्या माणसाला दिसते. त्याने घसाऱ्याबद्दल दिलेल्या एका जुन्या उत्तरात यंत्राच्या किमतीतून शेवटी येणारी भंगाराची किंमत वजा करायची राहिली होती. एका नवशिक्या विद्यार्थिनीने ते दाखवून दिले. त्याने जुने उत्तर तसेच ठेवले, वर तारीख घालून लिहिले की खालची मांडणी चूक आहे, कारण हे, बरोबर मांडणी ही, आणि चूक कुणी दाखवली तेही लिहिले. विरोधकांनी हे उत्तर त्याच्या अपात्रतेचा पुरावा म्हणून मिरवले. चाहत्यांनी, त्याहून वाईट, त्या विद्यार्थिनीलाच उर्मट ठरवले.

मला विचाराल तर व्यावसायिक मंडळींनी बंदीची मागणी सोडून याच गोष्टीची मागणी करावी: उघड उत्तर देणारा कुणीही असो, त्याने गृहीत काय धरले ते लिहावे, तारीख घालावी, आणि चूक खोडू नये. नियम बदलतात, मागच्या दशकातले बरोबर उत्तर आज चूक असू शकते, आणि तारीख नसलेले जुने उत्तर नव्या चुकीच्या उत्तराइतकेच घातक. ही अट सनद असलेल्यांनाही लावावी, नसलेल्यांनाही. चाहत्यांकडून माझी अपेक्षा याहून लहान आहे. त्याचे नाव घेऊन कुणाला गप्प करण्याआधी त्याने सांगितलेल्या खुणा एकदा स्वतःच्या पुस्तकात करून पाहाव्यात, आणि शिल्लक जुळली नाही तर तसे त्याला लिहावे. तो रागावणार नाही. मागच्या महिन्याचे जुळले होते का, असे विचारेल.